अर्ज केला, आठवडा गेला, पुढे?

नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरून शेवटचं बटण दाबलं की मिनिटाभरात एक मेल येतो. 'आपला अर्ज मिळाला. आपली पात्रता जुळत असल्यास आमचा प्रतिनिधी संपर्क साधेल.' हा मेल कोणी लिहिलेला नसतो. संगणकानं परस्पर पाठवलेला असतो. त्यानंतर सगळी सामसूम. दोन दिवस जातात, चार जातात, आठवडा उलटतो. घरातले रोज विचारतात, 'काय, कळलं का काही?' मग एका रात्री वैतागून माणूस कंपनीला मेल लिहायला बसतो. आपला अर्ज त्यांनी वाचलाय आणि मुद्दाम उत्तर देत नाहीत, असं मनात धरूनच तो लिहीत असतो, त्यामुळे मेल पहिल्याच ओळीत रुसलेला निघतो.

मी बरीच वर्षं पिंपरी-चिंचवडकडच्या कारखान्यांत एचआरमध्ये काढली, त्यातली निम्मी भरतीच्या टेबलावर. त्या टेबलावरून हा आठवडा कसा दिसतो, ते आधी सांगतो. ते कळलं की मेल कधी पाठवायचा आणि त्यात काय लिहायचं, हे निम्मं आपोआपच ठरतं.

भरती करणाऱ्या माणसाकडे एकच जागा कधीच नसते. एका वेळी दहा-पंधरा जागा चालू असतात आणि प्रत्येकीचा खातेप्रमुख 'माझी आधी भर' म्हणून मागे लागलेला असतो. इंजिनिअरच्या एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. ते एकेक करून कोणी वाचत नाही. अर्ज ज्या सॉफ्टवेअरमध्ये जमा होतात तिथे चाळण्या लावल्या जातात: अनुभव किती, सध्याचा पगार किती, अपेक्षा किती, राहतो कुठे आणि नोटीस पिरियड किती. चाळून उरलेल्यांतले पंधरा-वीस रेझ्युमे खातेप्रमुखाकडे जातात. तो शॉपवर असतो, ऑडिटमध्ये असतो, ग्राहक आलेला असतो. ती यादी त्याच्या मेलमध्ये चार-पाच दिवस सहज पडून राहते. एचआर त्याला फोन करते, तो म्हणतो, 'उद्या बघतो.'

म्हणजे पहिल्या आठवड्यात तुमचा अर्ज तीनपैकी एका ठिकाणी असतो. एक तर न उघडलेल्या ढिगात, नाहीतर खातेप्रमुखाच्या मेलमध्ये, किंवा बाजूला काढलेल्यांत. तुम्हाला बाहेरून तिन्हींची शांतता सारखीच ऐकू येते.

बाजूला काढलेल्यांना तेव्हाच नकार का कळवत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. आळस हे एक कारण आहेच. पण दुसरं कारण मोठं आहे आणि ते आपल्याकडच्या नोटीस पिरियडमध्ये दडलेलं आहे. आपल्याकडे नोकरी सोडायची तर ३०, ६०, कधीकधी ९० दिवस आधी कळवावं लागतं. आज निवडलेला माणूस दोन-तीन महिन्यांनी रुजू होणार. मधल्या काळात तो आणखी चार ठिकाणी मुलाखती देतो, हातातलं ऑफर लेटर दाखवून जास्त पगार मिळवतो आणि रुजू व्हायच्या आदल्या दिवशी फोन बंद करून बसतो. भरतीवाल्या प्रत्येकानं हा अनुभव घेतलेला असतो. त्यामुळे निवडलेला माणूस प्रत्यक्ष गेटमधून आत येईपर्यंत ती यादी बंद होत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाला 'नाही' म्हणून सांगून टाकलं, तर उद्या त्यालाच फोन कोणत्या तोंडानं करायचा? म्हणून काहीच सांगायचं नाही. उमेदवाराच्या दृष्टीनं हे वाईट आहे, पण ते असं आहे.

यावरून आठवड्यानंतरच्या मेलचं काम ठरतं. निकाल मागणं हे त्याचं काम नाही, कारण निकाल त्या वेळी बहुधा कोणाकडेच नसतो. ढिगातून तुमचा अर्ज हाताशी यावा आणि वाचणाऱ्याला तो उघडायला एक कारण मिळावं, एवढंच त्याचं काम.

आता आठवडा कुठून मोजायचा? हे एका उदाहरणावरून सांगतो, म्हणजे नुसतं हवेत राहणार नाही. माझी एक भाची भोसरीतल्या प्रेस-पार्टच्या एका छोट्या कंपनीत तीन वर्षं क्वालिटीमध्ये होती. चाकणच्या एका मोठ्या प्लांटमध्ये क्वालिटी इंजिनिअरची जागा निघाली. तिनं शुक्रवारी, ३ तारखेला, कंपनीच्या संकेतस्थळावरून अर्ज भरला. पुढच्या शुक्रवारी तिचा फोन आला.

'मामा, आज आठवडा झाला. मेल टाकू का?'

मी म्हटलं, 'जाहिरातीत शेवटची तारीख कोणती आहे?'

तिनं पाहिलं. सोमवार, १३ तारीख. म्हणजे अर्ज अजून येतच होते. शेवटची तारीख दिलेली असते तेव्हा भरतीवाला सहसा तोपर्यंत ढीग उघडत नाही. दहा तारखेला पाठवलेला मेल, 'अहो, अजून अर्ज घेणं चालू आहे' एवढंच मनात आणून बाजूला पडला असता. अशा जागेसाठी घड्याळ सुरू होतं ते शेवटच्या तारखेनंतर. मंगळवार, १४ पासून कामाचे सात दिवस मोजायचे.

कामाचे दिवस मोजतानाही आपल्या भागाची एक गंमत लक्षात ठेवावी लागते. भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी तिथे काम चालू असतं. आयटीवाल्यांना शनिवार-रविवार सुट्टी. गुरुवारी पाठवलेला मेल शुक्रवारी सकाळी दीडदोनशे मेलच्या खाली गाडला जातो. भाचीच्या बाबतीत सुट्टी गुरुवारची धरा किंवा रविवारची, सात दिवस मंगळवारी, २१ तारखेला भरत होते. म्हणून मेल बुधवारी, २२ ला, सकाळी दहाच्या सुमारास पाठवायचा ठरला.

पोर्टलवरच्या जाहिरातीला शेवटची तारीख नसेल तर हिशेब उलटा. तिथे पुरेसे अर्ज आले की भरतीवाला थांबतो आणि उरलेल्यांकडे वळतही नाही. अशा ठिकाणी कामाचे पाच दिवस झाले की मेल टाकावा, दहा दिवसांची वाट बघत बसू नये. अर्ज कोणी पाहिला की नाही याची खूण काही पोर्टलवर दिसते. 'पाहिला' असं दिसत असेल तर आणखी दोन-तीन दिवस द्या. तुमचा रेझ्युमे खातेप्रमुखाकडे गेलेला असू शकतो.

दिवस आणि वेळ यांचं फार स्तोम माजवू नये, पण तीन गोष्टी पाळाव्यात. सुट्टीनंतरचा पहिला दिवस टाळावा, कारण त्या दिवशी माणूस साचलेलं उपसत असतो. महिन्याचे शेवटचे आणि पहिले दोन-तीन दिवस टाळावेत. छोट्या कंपन्यांत भरती करणारीच बाई हजेरी आणि पगारही बघते आणि प्लांटमध्ये महिनाअखेरीला खातेप्रमुख डिस्पॅचच्या मागे धावत असतात. गणपती, दिवाळी आणि मार्च-एप्रिलमधलं अप्रेझल या काळात सात दिवसांचे दहा-बारा धरा. आणि मेल रात्री लिहिलात तरी रात्री पाठवू नका. जीमेलमध्ये Send च्या शेजारच्या छोट्या बाणावर टिचकी मारली की Schedule send येतं. सकाळची वेळ लावून झोपावं. याचा आणखी एक फायदा म्हणजे रात्री लिहिलेला मेल सकाळी निघायच्या आधी पुन्हा वाचता येतो, आणि सकाळी त्यातलं एखादं वाक्य काढून टाकावंसं हमखास वाटतं.

मेल कोणाला पाठवायचा, इथे बरेच जण फसतात. अर्ज मिळाल्याचा जो आपोआप मेल आला, त्यालाच उत्तर लिहून मोकळे होतात. त्या पत्त्यात noreply असं असेल तर ते उत्तर कोणीच वाचत नाही, आणि बऱ्याचदा ते परतही येत नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याला वाटतं, पोचलं. जाहिरातीत संपर्काचा पत्ता असेल तर तोच वापरावा. नसेल तर कंपनीतल्या भरतीवाल्या माणसाला लिंक्डइनवर शोधून तिथेच हा छोटा मजकूर पाठवावा. ओळखीच्या कोणी रेफरल दिलं असेल, तर कंपनीला लिहायच्या आधी त्याला विचारा. बऱ्याच कंपन्यांत रेफरल देणाऱ्याला अर्ज कुठवर आला हे आतून बघता येतं, आणि उमेदवार रुजू झाला तर त्याला बक्षीसही मिळतं, तेव्हा तो आनंदानं बघेल. नाव आणि आडनाव जोडून अंदाजानं पत्ता बनवणं आणि थेट प्लांट हेडला मेल टाकणं, हे दोन्ही करू नये. प्लांट हेड तो मेल एचआरकडे पुढे ढकलतो. त्यावर एक शब्दही न लिहिता ढकलला, तरी एचआरला तो टोमणाच वाटतो.

भाचीनं १० तारखेलाच एक मसुदा तयार ठेवला होता. अशा जागांचे मेल बहुधा इंग्रजीत जातात आणि तिचाही इंग्रजीतच होता. त्याचा आशय असा:

'विषय: फॉलोअप, अर्जंट. रिस्पेक्टेड सर, मी आपल्या प्रतिष्ठित कंपनीत दिनांक ३ रोजी अर्ज केला होता. आज आठ दिवस झाले तरी आपल्याकडून कोणताही प्रतिसाद मिळालेला नाही. मी या पदासाठी अत्यंत योग्य उमेदवार असून मला या नोकरीची नितांत गरज आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून लवकरात लवकर कळवावे, ही नम्र विनंती.'

यात उद्धट शब्द एकही नाही. तरीही हा मेल टेबलापलीकडे कसा वाचला जातो ते पाहा. विषयात 'अर्जंट', अर्जंट कोणासाठी? 'सर', जाहिरातीखाली एका बाईंचं नाव होतं. कोणत्या जागेसाठी अर्ज केला, ते कुठेच नाही. त्या कंपनीत तेव्हा निदान पाच-सहा जागा चालू असणार. 'प्रतिसाद मिळालेला नाही' ही तक्रार आहे, आणि ओळख व्हायच्या आधी तक्रार. 'नितांत गरज' वाचून वाचणारीला अवघडल्यासारखं होतं, कारण गरजेवर ती काहीच करू शकत नाही. तिच्या चाळणीत गरजेचा रकाना नसतो. शेवटी 'विचार करून कळवावे' म्हणजे नेमकं काय कळवायचं? त्यासाठी तिला सॉफ्टवेअर उघडून, नावावरून अर्ज शोधून, खातेप्रमुखाला विचारून मग उत्तर लिहावं लागेल. हे काम ती 'नंतर'वर टाकते, आणि ते नंतर उगवत नाही.

आपल्याकडच्या अर्जांत अजिजी आणि तक्रार अशी हातात हात घालून येतात. शाळेतल्या रजेच्या अर्जापासून ती सवय लागलेली असते. कंपनीला लिहिताना दोन्ही नकोत. एका कामाच्या माणसानं दुसऱ्या कामाच्या माणसाला लिहावं, तसं लिहावं. ऑफिसात आपण एकमेकांना 'जेंटल रिमाइंडर' पाठवतो, तेही इथे चालत नाही. जिचं काम राहिलंय तिला आठवण करून देतात. उत्तर देणं हे तुमचं राहिलेलं काम आहे, असं अनोळखी माणसाला पहिल्याच मेलमध्ये सुचवायचं नसतं.

मी तिला एकच प्रश्न विचारला: 'अर्ज केल्यानंतर तुझ्याकडे नवीन सांगण्यासारखं काय आहे?'

ती म्हणाली, काहीच नाही. मग मी नोटीस पिरियड विचारला. तिनं अर्जात ६० दिवस भरले होते. नियुक्तिपत्र काढायला सांगितलं. त्यात खाली एक कलम होतं की एका महिन्याचा पगार भरून नोटीस ३० दिवसांवर आणता येईल. तीन वर्षांत तिनं ते वाचलंच नव्हतं, कोण वाचतं! हे कलम नीट बघून घ्यावं लागतं, कारण काही पत्रांत 'व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार' अशी पुस्ती असते, आणि मग ते आपल्या हातात राहत नाही. तिच्या पत्रात तशी पुस्ती नव्हती. महिन्याचा पगार सोडायची तयारी आहे का, ते तिनं घरी बोलून ठरवलं. मगच ते मेलमध्ये आलं, कारण लिहिलेलं पाळावं लागतं.

२२ तारखेला गेलेला मेल साधारण असा होता:

'विषय: क्वालिटी इंजिनिअर, चाकण (जॉब क्रमांक ४१२७), ३ तारखेच्या अर्जाबाबत

नमस्कार मॅडम,

चाकण प्लांटमधल्या क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मी ३ तारखेला आपल्या संकेतस्थळावरून अर्ज केला आहे. भोसरीतल्या एका प्रेस-पार्ट पुरवठादाराकडे मी तीन वर्षं इनकमिंग आणि इन-प्रोसेस इन्स्पेक्शन सांभाळते. ग्राहकाच्या तक्रारींचे ८डी रिपोर्ट मी तयार करते.

अर्जानंतरची एक गोष्ट कळवायची आहे. अर्जात मी नोटीस पिरियड ६० दिवस लिहिला होता. माझ्या नियुक्तिपत्रातल्या तरतुदीनुसार मी ३० दिवसांत रुजू होऊ शकते.

या जागेची निवड अजून सुरू आहे का, एवढं कळवलंत तर मदत होईल. रेझ्युमे सोबत जोडला आहे.'

खाली नाव आणि मोबाइल नंबर. प्रत्यक्ष मेलमध्ये मॅडमच्या आधी त्यांचं नाव होतं. बस, एवढंच.

यातली विषयाची ओळ सगळ्यांत जास्त काम करते. फोनवर मेल बघताना विषय आणि पहिले काही शब्द एवढंच दिसतं. जागा, गाव, क्रमांक आणि तारीख तिथेच मिळाली की वाचणारी तो क्रमांक सॉफ्टवेअरमध्ये टाकून अर्ज काढू शकते. पूर्वी याच व्यक्तीशी मेलवर बोलणं झालेलं असेल तर नवा मेल न लिहिता त्याच मेलला उत्तर द्यावं आणि विषयाला हात लावू नये. विषय बदलला की जीमेल तो वेगळा मेल धरतं आणि मागचा संदर्भ तुटतो.

मधला परिच्छेद हा मेलचा जीव आहे. नोटीस ६० ची ३० झाली हे कळल्यावर अर्ज पुन्हा उघडायला कारण मिळतं. कदाचित चाळणीत ती ६० मुळेच गळली असेल. प्रत्येकाकडे अशी बातमी असेलच असं नाही. पण शोधलं तर बऱ्याचदा सापडते. परीक्षेचा निकाल लागलेला असतो, इंटर्नल ऑडिटरचं प्रशिक्षण पूर्ण झालेलं असतं, किंवा राजीनामा देऊन शेवटचा दिवस ठरलेला असतो. सांगलीहून अर्ज केला तेव्हा पुण्यात राहायची सोय नव्हती, आता झाली, हीसुद्धा बातमीच. खरोखर काहीच नसेल तर तो परिच्छेद गाळावा. 'मी अजूनही उत्सुक आहे' हे लिहून जागा भरू नये. उत्सुक नसता तर लिहिलंच नसतं.

खोटी बातमी मात्र कधीच नको. 'माझ्याकडे दुसरी ऑफर आहे, लवकर कळवा' ही चाल मुलं एकमेकांना शिकवतात. भरतीवाली लगेच विचारते, 'किती तारखेपर्यंत सांगायचंय? ऑफर लेटर पाठवता का?' तिथे गाडी अडते. ऑफर खरी असेल तर जरूर लिहावं, तारखेसह लिहावं आणि धमकीचा सूर न लावता लिहावं: 'मला अमुक तारखेपर्यंत दुसऱ्या ठिकाणी होकार कळवायचा आहे, पण आपल्या जागेत मला जास्त रस आहे.' अशा मेलला उत्तर लवकर येतं.

शेवटचा प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर फोनवरून एका ओळीत देता येईल. 'निवड सुरू आहे का' याला 'हो', 'नाही' किंवा 'जागा होल्डवर आहे' एवढं पुरतं. 'माझ्या अर्जाचं काय झालं' याला एका ओळीत उत्तर देता येत नाही, दिलं तरी ते कटू असतं, म्हणून ते दिलं जात नाही.

जोडलेल्या रेझ्युमेबद्दल एक खबरदारी. अर्जाला जोडला तोच रेझ्युमे पाठवा. मधल्या आठवड्यात पगार किंवा तारखा 'नीट' करून नवा पाठवला, की दोन रेझ्युमे दोन गोष्टी सांगतात, आणि पुढे कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा ते नेमकं पकडलं जातं. मागच्या कंपनीसाठी लिहिलेल्या मेलमधलं त्या कंपनीचं नाव तसंच राहून जाणं, ही याच घराण्यातली चूक. अशा मेलवर आमच्या विभागात हसायचे, आणि अर्ज तिथेच संपायचा.

मेल गेला की हात आवरावा. दुपारी व्हॉट्सॲप, संध्याकाळी लिंक्डइन, दुसऱ्या दिवशी फोन, हे करणारे पुष्कळ असतात. वाचणारीच्या मनात त्यातून एकच चित्र उभं राहतं: हा माणूस कामावर आल्यावरही असंच करील.

उत्तर आलं तर त्याचा अर्थ लावताना फार कल्पना करू नये. 'प्रोफाइल खात्याकडे पाठवलं आहे' याचा अर्थ ढिगातून बाहेर निघालात, ही चांगली खूण. 'जागा होल्डवर आहे' हे बहुतेक वेळा खरं असतं. खर्चाची मंजुरी अडकते किंवा आतलाच कोणी तिथे हलवला जातो. 'आपली माहिती आमच्या नोंदीत ठेवू' हा सभ्य नकार आहे, त्यावर एक ओळीचे आभार लिहून पुढे व्हावं. आणि अर्ज केल्यावर आठवड्याभरात कोणी स्वतःला त्याच कंपनीचा एचआर म्हणवून, फुकट मेलच्या पत्त्यावरून, नोंदणी किंवा प्रशिक्षणासाठी पैसे मागितले, तर तो चोर समजावा. वाट बघणारा माणूस अशा वेळी चटकन विश्वास ठेवतो, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

काहीच उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी दुसरा मेल, त्याच मेलला जोडून, तीन ओळींचा. सूर असा हवा: 'आपण कामात असाल याची कल्पना आहे. ही जागा भरली गेली असेल तर हरकत नाही. पुढे क्वालिटीत अशी जागा निघाली तर जरूर कळवावं, मी ३० दिवसांत रुजू होऊ शकते.' इथे वर सांगितलेली यादी कामाला येते. निवडलेला माणूस ऐनवेळी आला नाही की भरतीवाली घाईघाईत आपला मेलबॉक्स चाळते, आणि तेव्हा तिला असं माणूस हवं असतं की जे लवकर येऊ शकतं आणि ज्याच्याशी बोलायला संकोच वाटत नाही. तिसरा मेल लिहू नये. त्या कंपनीत पुन्हा अर्ज करायचा तर काही ठिकाणी सहा महिन्यांची अट असते, ती बघून करावा.

भाचीला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: प्रोफाइल खात्याकडे दिलं आहे. मग दोन आठवडे शांतता. तिनं दुसरा मेल टाकला, त्याला उत्तर नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच मॅडमचा फोन आला, निवडलेला मुलगा रुजू झाला नाही, मुलाखतीला येता का? तोवर ती रांजणगावला दुसरीकडे लागली होती. तिनं तसं सांगितलं, आणि आपल्या एका जुन्या सहकाऱ्याचं नाव सुचवलं.

हे सगळं खासगी नोकरीचं झालं. एमपीएससी, बँका, महापालिका अशा भरतीत या मेलला अर्थ नाही. तिथे जाहिरात, अर्जाची नोंद आणि संकेतस्थळावर लागणारी घोषणा यांनुसारच सगळं चालतं. फार झालं तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो, आणि त्याला ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मुलाखत झाल्यानंतरच्या शांततेचाही नियम वेगळा. तिथे 'अमुक दिवशी कळवू' असं कोणी तोंडानं सांगितलेलं असतं, तेव्हा त्या दिवसानंतर कामाचे दोन दिवस सोडून विचारणं हा तुमचा हक्कच आहे, आणि सूर थोडा थेट असला तरी चालतो.

आता दोन शब्द टेबलापलीकडच्या माझ्या जुन्या मंडळींना. भरतीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये, जागा बंद केली की उरलेल्या सगळ्यांना एकदम 'ही जागा भरली गेली आहे' असा मेल पाठवायची सोय असते. निवडलेला माणूस रुजू झाला त्या संध्याकाळी तरी ते बटण दाबत जा. त्याला मिनिटसुद्धा लागत नाही.